दोन पत्त्यांची संभाव्यता : मोजणीने पडताळा

संभाव्यतेचे उत्तर काढल्यावर ते दुसऱ्या स्वतंत्र रीतीने तपासून पाहता येते. त्यासाठी पुढील उदाहरण घेऊ.

नीट पिसलेल्या ५२ पत्त्यांच्या कॅटमधून एकामागून एक दोन पत्ते काढले. पहिला पत्ता परत ठेवला नाही. हाती एक राजा आणि एक राणी असण्याची संभाव्यता किती?

पहिली रीत : राजा मिळण्याची संभाव्यता ४/५२. आता ५१ पत्ते उरले; त्यांत चारही राण्या आहेत. म्हणून राणीची संभाव्यता ४/५१. गुणाकार १६/२६५२, म्हणजेच ४/६६३.

दुसरी रीत : येथे क्रम न पाहता केवळ जोड्या मोजू. पहिल्या पत्त्यासाठी ५२ व दुसऱ्यासाठी ५१ पर्याय, म्हणून गुणाकार २६५२. परंतु त्यात प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली आहे; म्हणून एकूण जोड्या १३२६. चार राजांपैकी प्रत्येकाची जोडी चार राण्यांशी लागते, म्हणून अनुकूल जोड्या १६. संभाव्यता १६/१३२६, म्हणजेच ८/६६३.

दुसरे उत्तर पहिल्याच्या नेमके दुप्पट आहे, आणि चूक कोठे आहे याची खूण या दुपटीतच आहे. पहिल्या रीतीत आपण ‘आधी राजा, मग राणी’ एवढेच मोजले. ‘आधी राणी, मग राजा’ हा प्रकार राहून गेला. त्याचीही संभाव्यता ४/६६३ आहे. दोहोंची बेरीज ८/६६३ होते व उत्तरे जुळतात. प्रश्नातील ‘आणि’ हे अव्यय दोन गोष्टी जोडते, त्यांचा क्रम सांगत नाही. आपण मात्र त्याचा अर्थ ‘मग’ असा घेतला होता.

हाच पडताळा ‘दोन्ही राजे’ या प्रश्नावर घेतला असता, तर ही चूक दिसली नसती. तेथे ४/५२ × ३/५१ आणि ६/१३२६ ही दोन्ही उत्तरे १/२२१ येतात. कारण दोन्ही पत्ते एकाच प्रकारचे असल्याने उलट क्रमाचा वेगळा प्रकार उरत नाही. मात्र अंशात क्रमासह १२ आणि छेदात क्रमाविना १३२६ घेतल्यास उत्तर पुन्हा दुप्पट येईल. अंश व छेद एकाच पद्धतीने मोजलेले असावेत.

या पडताळ्याला एक मर्यादा आहे. प्रश्नच चुकीचा वाचला, उदाहरणार्थ ‘किमान एक राजा’ याऐवजी ‘नेमका एक राजा’ असे समजले, तर दोन्ही रीती एकच चुकीचे उत्तर देतील. म्हणून कोणत्या जोड्या अनुकूल आहेत, हे आकडेमोडीपूर्वी वाक्यात लिहून काढावे.

आपली प्रगती तपासा : वरीलप्रमाणेच पत्ते काढल्यास एक बदाम आणि एक इस्पिक मिळण्याची संभाव्यता दोन्ही रीतींनी काढा. (उत्तर : १३/१०२)