फ्लोमीटरवरचे दोन लिटर

श्वासाची शुश्रूषा : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण पल्स ऑक्सिमीटरचा आकडा कधी फसवतो ते पाहिले. आज दुसऱ्या टोकाला जाऊ, म्हणजे भिंतीवरच्या फ्लोमीटरपासून रुग्णाच्या नाकापर्यंत. तिथेही एक आकडा असतो, आणि तोही नीट वाचावा लागतो.

दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनी मला हमखास विचारतात, “मॅडम, प्राँग्जवर दोन लिटर म्हणजे २८ टक्के ना?” पुस्तकात तसे कोष्टक असते. खोलीतल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन धरायचा आणि लिटरमागे साधारण चार टक्के वाढवत जायचे. कोष्टक चुकीचे नाही. पण ते स्वस्थपणे श्वास घेणाऱ्या माणसासाठी आहे, आणि आपण प्राँग्ज लावतो तो माणूस बहुतेक वेळा स्वस्थ नसतो.

जरा हिशेब करून पाहू. श्वास आत ओढताना हवा सर्वांत जोरात आत जाते, तो वेग शांत बसलेल्या माणसात मिनिटाला साधारण ३० लिटर असतो. प्राँग्जमधून येतात फक्त दोन लिटर. उरलेले २८ लिटर नाकातोंडाच्या आजूबाजूने खोलीतली हवा म्हणूनच आत जातात. दोन लिटर शुद्ध ऑक्सिजन आणि २८ लिटर साधी हवा एकत्र केली, की मिश्रणात २६ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन भरतो. उच्छ्वासाच्या शेवटी नाक आणि घशाच्या पोकळीत थोडा ऑक्सिजन साठून राहतो, म्हणून प्रत्यक्षात दोन टक्के जास्त मिळतात आणि कोष्टकातले २८ जुळतात. आता हाच रुग्ण धापा टाकू लागला आणि मिनिटाला ६० लिटर वेगाने हवा ओढू लागला, तर तेच दोन लिटर ५८ लिटर हवेत मिसळतात. उत्तर येते जेमतेम २४ टक्के. शिवाय श्वासांमधली उसंत कमी झाल्यामुळे घशातला साठाही घटतो. फ्लोमीटरची गोळी जागची हललेली नाही, पण रुग्णाला मिळणारा ऑक्सिजन कमी झाला आहे, तोही नेमका गरज वाढली तेव्हा.

ऑक्सिजनची सगळी साधने या एका गोष्टीवरून समजून घेता येतात. रुग्ण ओढतो तेवढी सगळी हवा साधन पुरवते का? पुरवत नसेल, तर उरलेली हवा कुठून येते?

प्राँग्ज थोडेच पुरवतात, म्हणून सौम्य गरजेलाच चालतात. एक ते चार लिटर ही सोयीची मर्यादा आहे. सहापर्यंत नेता येते, पण चारच्या पुढे नाक कोरडे पडते, टोचते, आणि रुग्ण नळी काढून ठेवतो. त्यांचा मोठा गुण म्हणजे ते लावून रुग्णाला जेवता-बोलता येते, त्यामुळे ते टिकून राहतात. साधा फेस मास्क पाच ते दहा लिटरवर चालतो आणि साधारण ३५ ते ५५ टक्के देतो. त्याच्याबाबत एकच नियम मनात पक्का करा. पाच लिटरच्या खाली तो कधी चालवू नका. उच्छ्वासाची हवा मास्कमध्ये साठते आणि कमी प्रवाहात ती बाहेर ढकलली जात नाही, त्यामुळे रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत घेतो. दोन लिटर हवे असतील तर प्राँग्ज लावा.

उरलेली हवा कुठून आणायची, हा प्रश्न नॉन-रिब्रीदरने पिशवी लावून सोडवला. उच्छ्वास चालू असताना पिशवीत ऑक्सिजन भरतो आणि श्वास घेताना रुग्ण तो जोरात ओढू शकतो. मास्क आणि पिशवी यांच्यामधली झडप उच्छ्वासाला पिशवीत शिरू देत नाही, आणि मास्कच्या बाजूच्या चकत्या खोलीतली हवा आत येऊ देत नाहीत. दहा ते पंधरा लिटरवर याने ६० ते ९० टक्के मिळतात. वेष्टनावर कितीही मोठा आकडा छापलेला असला, तरी मास्क नाकाच्या बाजूंनी उघडा असेल, किंवा सुरक्षेसाठी एक चकती मुद्दाम काढलेली असेल, तर शंभर टक्के मिळत नाहीत. लावण्याआधी मास्कमधली झडप बोटाने दाबून पिशवी पूर्ण फुगवून घ्या. हे विसरले, तर रुग्ण पहिले काही श्वास रिकाम्या पिशवीतून ओढतो आणि घाबरून मास्क खेचून काढतो. लावल्यानंतर नजर पिशवीवर ठेवा. श्वासागणिक ती थोडी आक्रसली पाहिजे, पण अर्ध्याहून जास्त रिकामी होता कामा नये. ती चपटी होत असेल तर प्रवाह वाढवा. अजिबात हलत नसेल, तर मास्क सैल आहे किंवा झडप चिकटली आहे.

याच मास्कवर रुग्णाला सीटी स्कॅनसाठी न्यायचे असेल, तर आधी सिलिंडरचा हिशेब करा. बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असतो तेव्हा त्यात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. पंधरा लिटरने तो शंभर मिनिटे पुरेल. गेजचा काटा निम्म्यावर असेल तर पन्नासच मिनिटे. त्यात लिफ्टची वाट पाहण्याचा वेळही धरा.

एवढे वाचून वाटेल, की शंका आली की नॉन-रिब्रीदर लावावा, जास्त दिल्याने काय बिघडते? बिघडते. म्हणून एका आजींची रात्र सविस्तर सांगते.

वय ६४. लग्न झाल्यापासून चुलीपुढे स्वयंपाक. तंबाखू-विडी कधीच नाही, तरीही सीओपीडी. आपल्याकडच्या गावांतल्या बायकांमध्ये हे चित्र नवे नाही. चार दिवस खोकला वाढला होता. रात्री साडेदहाला कॅज्युअल्टीत आणले तेव्हा श्वास मिनिटाला ३०, खोलीतल्या हवेवर सॅच्युरेशन ८० टक्के. लगेच नॉन-रिब्रीदर पंधरा लिटरवर लावला आणि तो तसाच पुढे चालू ठेवला गेला. सॅच्युरेशन ९९ वर गेले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पाऊण तासाने ड्युटीवरच्या विद्यार्थिनीने मला हाक मारली. “मॅडम, आजी शांत झोपल्यात, पण हाक मारली तर नीट ओ देत नाहीत.” श्वास १६ वर आला होता. तिला ते झोपेसारखे वाटले नाही, आणि तिचे बरोबर होते. तळहात उबदार, नाडी भरदार, हात पुढे धरायला लावले तर पंजे फडफडत होते. धमनीतल्या रक्ताची तपासणी आली : पीएच ७.२७, कार्बन डायऑक्साइड ७०.

जास्तीच्या ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड का वाढला? पुस्तकात एकच कारण असते, की श्वासाची प्रेरणा मंदावते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. आजारी फुप्फुसात ज्या भागांत हवा नीट पोहोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, म्हणजे शरीराने रक्त चांगल्या भागांकडे वळवलेले असते. भरपूर ऑक्सिजन मिळाला की त्या वाहिन्या सैल होतात आणि रक्त पुन्हा वाईट भागांत शिरते. तिथून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. शिवाय हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरले, की स्वतःबरोबरचा कार्बन डायऑक्साइड सोडून देते. निरोगी माणूस जोरात श्वास घेऊन तो बाहेर टाकतो. थकलेल्या आजींना ते जमत नव्हते.

अशा वेळी पहिला मोह होतो तो मास्क काढून टाकण्याचा. तसे कधीही करू नका. फुप्फुसाच्या वायुकोशांत आधीच कार्बन डायऑक्साइडने जागा व्यापलेली असते, त्यामुळे ऑक्सिजन एकदम बंद केला तर सॅच्युरेशन सुरुवातीच्या ८० च्याही खाली कोसळते. ऑक्सिजन चालूच ठेवायचा, फक्त मोजून द्यायचा. सीओपीडीच्या रुग्णात लक्ष्य ८८ ते ९२ टक्के असते, इतर बहुतेकांत ९४ ते ९८.

मोजून देण्याचे साधन म्हणजे व्हेंचुरी. मोरन कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये तो मास्क नेमका याच रुग्णांसाठी मांडला. बारीक छिद्रातून वेगाने निघणारा ऑक्सिजन बाजूच्या खिडक्यांतून ठरावीक प्रमाणात हवा ओढून घेतो. पांढऱ्या, २८ टक्क्यांच्या तुकड्यात एक लिटर ऑक्सिजनमागे सुमारे दहा लिटर हवा येते. चार लिटर लावले की रुग्णापर्यंत मिनिटाला ४४ लिटर मिश्रण पोहोचते. बहुतेक रुग्णांचा श्वास त्यात मावतो, बाहेरची हवा मिसळायला वाव उरत नाही, म्हणून टक्केवारी स्थिर राहते. चारचे सहा लिटर केले तरी टक्के २८च राहतात, फक्त मिश्रण वाढते. जोरजोरात श्वास घेणाऱ्यासाठी ते उपयोगाचे आहे, पण सॅच्युरेशन वाढवायचे असेल तर तुकडाच बदलावा लागतो. उलट, हिरवा ६० टक्क्यांचा तुकडा पंधरा लिटरवर एकूण ३० लिटरच देतो, त्यामुळे धापा टाकणाऱ्याला ६० टक्के मिळतीलच असे नाही. रंगांवर विसंबू नका. कंपनीनुसार ते बदलू शकतात. तुकड्यावर छापलेले टक्के आणि लिटर वाचा.

आजींना डॉक्टरांनी पांढरा व्हेंचुरी चार लिटरवर लावायला सांगितला. नेब्युलायझेशन ऑक्सिजनवर न चालवता काँप्रेसरच्या हवेवर दिले, कारण सहा-आठ लिटर ऑक्सिजनवर नेब्युलायझर लावला असता तर मास्क बदलून काहीच साधले नसते. बायपॅप पलंगाशेजारी तयार ठेवले. सॅच्युरेशन ९० वर स्थिरावले. ९० हा आकडा पाहून मन अस्वस्थ होते, हात फ्लोमीटरकडे जातो. तो आवरायचा असतो. तासाभराने पीएच ७.३५, कार्बन डायऑक्साइड ५८. आजींनी डोळे उघडून पाणी मागितले. बायपॅप लागले नाही.

रात्री दोन वाजता मॉनिटरवर ९७ दिसले. प्रवाह चारच होता, तुकडा पांढराच होता. विद्यार्थिनी गोंधळली, मीही क्षणभर थांबले. थंडी वाजली म्हणून सुनेने आजींना हनुवटीपर्यंत चादर ओढून दिली होती आणि व्हेंचुरीच्या खिडक्या तिच्याखाली गेल्या होत्या. खिडक्या बंद झाल्याने हवा ओढली जात नव्हती, म्हणून मिश्रणात ऑक्सिजनच जास्त जात होता. चादर खाली सारली. काही मिनिटांत आकडा ९१ वर आला. सुनेला खिडक्या दाखवल्या आणि त्या उघड्या का ठेवायच्या ते सांगितले. मग विद्यार्थिनीने चार्टवर साधन, टक्के, लिटर, सॅच्युरेशन आणि श्वासाची गती एका ओळीत लिहिली आणि त्यापुढे लिहिले, “चादर व्हेंचुरीच्या खाली ठेवावी.” सकाळच्या स्टाफला हँडओव्हर देताना तिने ती ओळ सर्वांत आधी वाचली.

(पुढील आठवड्यात : बायपॅपचा मास्क बांधताना)