कार्यालयीन ई-मेल : भाग ६
विषयाच्या ओळीत मागणी लिहा

गेल्या आठवड्यात ‘सीसी’त कोणाला ठेवायचं ते पाहिलं. आता त्या ओळीकडे वळू, जी आपण सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत लिहितो.

अर्ज लिहायला शाळेत शिकलो तेव्हापासून विषयाच्या शेवटी ‘बाबत’ घालायची सवय आपल्याला आहे. रजा मिळणेबाबत, दाखला मिळणेबाबत. कागदी पत्रव्यवहारात ते बरोबरच होतं. पाकीट आवक-जावक कारकून उघडायचा, नोंदवहीत चढवायचा आणि योग्य टेबलावर पोचवायचा. विषयाची ओळ त्याच्या नोंदीसाठी होती आणि पत्र उघडलं जाणारच होतं. ई-मेलला असा कारकून नाही. उघडायचं की नाही हे साहेब स्वतः ठरवतात, तेही पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय एवढंच पाहून.

एक प्रसंग घेऊ. चाकणच्या एका कारखान्यात एअर कॉम्प्रेसरच्या देखभालीचा वार्षिक करार, म्हणजे एएमसी, १५ जूनला संपतोय. पुरवठादाराच्या कोटेशनची मुदत शुक्रवार, १२ जूनपर्यंत. रक्कम १ लाख ८५ हजार. मेन्टेनन्सच्या इंजिनीअरला प्लांट मॅनेजरची मंजुरी हवी आहे. तो लिहितो, ‘कॉम्प्रेसर एएमसीबाबत’. साहेब दोन मीटिंगांच्या मध्ये फोनवर हे पाहतात. विषय कळला, पण आपण काय करायचं ते कळलं नाही. मग ‘सावकाश पाहू’, आणि मेल खाली सरकतो.

दोन दिवसांनी इंजिनीअर त्याच मेलला ‘अर्जंट’ जोडतो. हा शब्द प्रत्येकाच्याच मेलवर असतो, लाल उद्गारचिन्हाचंही तेच. शिवाय अर्जंट म्हणजे आज की महिनाअखेर, हे त्यातून समजत नाही.

आता हे पाहा : ‘मंजुरी हवी, शुक्र. १२ जूनपर्यंत : कॉम्प्रेसर एएमसी, ₹१.८५ लाख’. तुमच्या कार्यालयात विषय इंग्रजीत लिहीत असतील तर इंग्रजीत लिहा, क्रम मात्र हाच ठेवा. आधी साहेबांनी काय करायचं, मग कधीपर्यंत, मग कशाचं. फोनच्या पडद्यावर विषयाचा सुरुवातीचा भागच दिसतो, उरलेला कापला जातो. कापला गेलाच तर रक्कम जावी, मागणी आणि तारीख नव्हे. तारीखही वारासकट आकड्यात. ‘उद्यापर्यंत’ लिहिलेला मेल परवा उघडला की त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

अमेरिकी सैन्यदलांत विषयाच्या सुरुवातीला एकच ठरलेला शब्द टाकायची पद्धत आहे. निर्णय हवा, सही हवी, कृती हवी की नुसती माहिती, हे त्या शब्दावरून कळतं. आपल्याकडे एखाद्या विभागाने असे चार शब्द ठरवून घेतले तरी पुष्कळ. अट एकच : ज्यावर काही करायचं नाही त्यावर प्रामाणिकपणे ‘माहितीसाठी’ लिहायचं. माहितीच्या मेलवर ‘मंजुरी हवी’ लिहून एकदा उघडून घ्याल, पण पुढच्या खेपेला खरी मंजुरीही पडून राहील.

सगळ्यात जास्त मेल बुडतात ते मात्र जुन्या साखळीत. साहेबांचा पत्ता आयता मिळतो म्हणून आपण मागच्या महिन्याच्या मीटिंगच्या मेलला ‘रिप्लाय’ करतो आणि खाली नवी मागणी लिहितो. वर विषय राहतो ‘मे महिन्याची आढावा बैठक’. ती बैठक तर होऊन गेली! नवी मागणी असेल तर नवा मेल लिहा. निदान उत्तर पाठवताना विषय तरी बदला. जीमेलमध्ये विषय बदलला की ते उत्तर वेगळं संभाषण म्हणून दिसतं.

एका मेलमध्ये दोन मागण्या असल्या की विषय लिहिताना अडखळायला होतं. कॉम्प्रेसरची मंजुरी आणि ऑपरेटरच्या बदलीचा प्रश्न एका ओळीत बसत नाही, म्हणून आपण पुन्हा ‘मेन्टेनन्सबाबत’ लिहितो. अशा वेळी ओळ घासत बसू नका, मेल दोन करा. विषय आधी लिहून मग मजकूर लिहिला तर हा घोळ सुरुवातीलाच लक्षात येतो.

मेल उघडल्यावर पहिल्याच वाक्यात तीच मागणी दिसली पाहिजे : ‘सोबतच्या कोटेशनला मंजुरी द्यावी. “मंजूर” एवढं उत्तर पुरे, पीओ आजच काढतो.’ म्हणजे साहेबांना जिन्यात उभ्या उभ्या उत्तर देता येतं. विषय चांगला, पण मंजुरीची गोष्ट तिसऱ्या परिच्छेदात, असं झालं तर मेल उघडला जाईल आणि तसाच बंद होईल.

पगार, तक्रार, कोणाचं आजारपण असं काही असेल तर मात्र तपशील विषयात नको. मेलची सूचना लॉक केलेल्या फोनच्या पडद्यावरही झळकते आणि फोन बऱ्याचदा मीटिंगच्या टेबलावर पडलेला असतो. तिथे ‘आपली १० मिनिटं हवीत, बुध. १० जूनपर्यंत : व्यक्तिगत बाब’ एवढं बास.

पुढच्या आठवड्यात आठवणीचा मेल. तोवर तुमच्या ‘सेंट’मधले उत्तर न आलेले मेल काढा आणि त्यांतले किती ‘बाबत’ने संपतात ते पाहा.