काळ्या गाळातला जांभळा रंग

शाळेच्या विज्ञान मंडळात अपघाताने लागलेल्या शोधांची प्रश्नमंजूषा घेतली, की पेनिसिलिन, क्ष-किरण, मायक्रोवेव्ह अशी नावं भराभर येतात आणि खेळ दहा मिनिटांत संपतो. नाव सांगता आलं, तरी अपघातात नेमकं काय घडलं हे मात्र कळत नाही. म्हणून या वेळी प्रश्न थोडे आणि विषय एकच, कपड्यांचे रंग. पहिले पाच प्रश्न एका मुलाच्या फसलेल्या प्रयोगाचे आहेत, सहावा फुटलेल्या थर्मामीटरचा आणि सातवा तुमच्या हातचा. उत्तर वाचण्याआधी क्षणभर थांबून स्वतःचं उत्तर वहीत लिहा.

प्रश्न १. सन 1856. लंडनचा अठरा वर्षांचा विद्यार्थी विल्यम हेन्री पर्किन ईस्टरच्या सुट्टीत घरातल्या छोट्या प्रयोगशाळेत काय बनवायला बसला होता? (अ) रंग (आ) औषध (इ) अत्तर

उत्तर : औषध. हिवतापावर तेव्हा क्विनीन, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या तोंडचं ‘कोयनेल’, हाच मोठा आधार होता आणि ते सिंकोना झाडाच्या सालीतून काढावं लागे. दगडी कोळशापासून गॅस बनवताना उरणाऱ्या डांबरात अनेक रसायनं असतात. त्यांतून क्विनीन बनवता येईल, असं पर्किनचे गुरू ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांना वाटत होतं. पर्किनने ती कल्पना उचलली.

प्रश्न २. पर्किनने मांडलेला हिशोब असा : अ‍ॅलिलटोल्युइडिनचे (C₁₀H₁₃N) दोन रेणू घ्यायचे, त्यांत ऑक्सिजनचे तीन अणू मिळवायचे आणि पाण्याचा एक रेणू बाहेर काढायचा. क्विनीनचं सूत्र C₂₀H₂₄N₂O₂ आहे. हिशोब जुळतो का?

उत्तर : वहीत मांडून पाहा. दोन रेणू मिळून C₂₀H₂₆N₂ होतात. तीन ऑक्सिजन मिळवले की C₂₀H₂₆N₂O₃. त्यातून H₂O वजा केला की C₂₀H₂₄N₂O₂. हिशोब अचूक जुळतो, तरीही हाती क्विनीन आलं नाही, तांबूस गाळ आला. कारण सूत्र फक्त अणूंची संख्या सांगतं, ते एकमेकांना कसे जोडलेले आहेत हे सांगत नाही. ‘कपडा’ आणि ‘पकडा’ या दोन शब्दांत अक्षरं तीच आहेत, पण क्रम बदलला की अर्थ बदलतो. रेणूंचंही तसंच. 1856 मध्ये रेणूची ही आतली मांडणी रसायनशास्त्रज्ञांना ठाऊकच नव्हती.

प्रश्न ३. पर्किनने मग साधं रसायन घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला. ॲनिलिनच्या क्षारावर पोटॅशियम डायक्रोमेटची क्रिया केली, तर काळा गाळ मिळाला. जांभळा रंग दिसला तो कशामुळे?

उत्तर : अल्कोहोलमुळे. पर्किनने गाळ धुऊन वाळवला आणि त्यात काय आहे हे तपासायला घेतलं. पाण्यात रंग उतरला नव्हता. अल्कोहोल घातल्यावर मात्र सुंदर जांभळं द्रावण तयार झालं. गाळात रंगद्रव्य फारच थोडं होतं, बाकी बहुतेक काळा कचराच. रंग आपणहून समोर आला नाही. योग्य द्रावक घातल्यावरच तो कचऱ्यातून सुटा झाला.

प्रश्न ४. या प्रयोगात आणखी एक अपघात लपलेला होता, जो खुद्द पर्किनलाही तेव्हा कळला नव्हता. तो कोणता?

उत्तर : त्याचं ॲनिलिन अशुद्ध होतं. डांबरातल्या बेंझिनपासून ॲनिलिन बनवत. त्या बेंझिनमध्ये टोल्युइन मिसळलेलं असे, त्यामुळे ॲनिलिनमध्ये टोल्युइडिन यायचं. पर्किनच्या रंगाचा, म्हणजे मॉव्हिनचा, रेणू बनायला ॲनिलिन आणि टोल्युइडिन दोन्ही लागतात. पूर्ण शुद्ध ॲनिलिन असतं, तर हे रंगद्रव्य बनलंच नसतं. हे मिश्रण इतकं गुंतागुंतीचं आहे, की त्यातल्या मुख्य रेणूंची खरी रचना ठरायला 1994 साल उजाडलं.

प्रश्न ५. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब रुंगे यांना 1834 मध्येच ॲनिलिनवर विरंजक चूर्णाची क्रिया होऊन निळा-जांभळा रंग दिसला होता. मग श्रेय पर्किनला का?

उत्तर : रुंगे यांना रंग दिसला, पर्किनने त्यापासून रंगवायचं द्रव्य केलं. या दोन गोष्टींत बरंच काम आहे. पर्किनने आधी रेशमाचा तुकडा रंगवला, साबणाने धुऊन पाहिला, उन्हात ठेवला. रंग टिकला. मग नमुना स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या पुलर या रंगारी घराण्याकडे पाठवून मत विचारलं आणि ऑगस्ट 1856 मध्ये पेटंट घेतलं.

खरी अडचण पुढे आली. रेशमावर रंग लगेच चढत होता, सुती कापडावर मात्र धरत नव्हता. त्यासाठी कापडाला आधी टॅनिनचा हात द्यावा लागला. टॅनिन धाग्याला धरून राहतं आणि रंगाला पकडून ठेवतं. आपल्याकडचे रंगारी सुती कापडाला हिरड्याचं पाणी देतात, तेही हिरड्यातल्या टॅनिनसाठीच. 1857 मध्ये वडिलांच्या पैशावर आणि भावाच्या मदतीने लंडनजवळ ग्रीनफर्डला पर्किनचा कारखाना उभा राहिला.

प्रश्न ६. जर्मनीतल्या बी.ए.एस.एफ. कंपनीच्या प्रयोगशाळेत एक थर्मामीटर फुटला. त्याचा भारतातल्या शेतकऱ्याशी काय संबंध?

उत्तर : कंपनी कृत्रिम नीळ बनवू पाहत होती. त्यासाठी डांबरगोळ्यांत असतं ते नॅफ्थॅलिन तीव्र सल्फ्यूरिक आम्लात तापवून त्याचं थॅलिक अनहायड्राइड करायचं होतं. ही क्रिया परवडेल अशी होत नव्हती. एकदा तापवताना थर्मामीटर फुटून पारा आत सांडला आणि क्रिया एकदम वेगाने झाली. पाऱ्याचा आम्लाशी संयोग होऊन मर्क्युरी सल्फेट तयार झालं होतं आणि तेच उत्प्रेरक ठरलं. रसायनशास्त्रज्ञ ओयगेन झापर यांनी सांडलेला पारा ‘प्रयोग बिघडला’ म्हणून फेकून दिला नाही, बदल कशाने झाला ते शोधलं.

1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातल्या निळीचा व्यापार ढासळला. बिहारमधल्या चंपारणच्या मळेवाल्यांनी आपला तोटा कुळांवर ढकलला. निळीच्या सक्तीतून सोडवायचं, तर वाढीव खंड द्या, असा तगादा लावला. पहिल्या महायुद्धात जर्मन नीळ बंद होताच लागवडीची सक्ती पुन्हा वाढली. 1917 मध्ये गांधीजी चंपारणला गेले ते या शेतकऱ्यांच्या हाकेवरून.

प्रश्न ७. पर्किनचा प्रयोग आपण करायचा का?

उत्तर : नाही. ॲनिलिन विषारी आहे आणि डायक्रोमेटमुळे कर्करोगाचा धोका असतो. त्याने केलेल्या तपासण्या मात्र हळदीवर करता येतात. शिक्षकांच्या देखत, आसपास ज्योत नाही हे पाहून, एका पेल्यात पाणी आणि दुसऱ्यात अल्कोहोलचं सॅनिटायझर किंवा स्पिरिट घ्या. दोन्हींत चिमूटभर हळद ढवळून दहा मिनिटं ठेवा आणि गाळा. पाणी फिकट राहील, स्पिरिटमध्ये स्वच्छ गडद पिवळा रंग उतरेल.

त्या रंगात पांढऱ्या सुती कापडाच्या दोन पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. एकीवर साबणाचं पाणी टाका. साबण अल्कधर्मी असल्याने पिवळा रंग लालसर होईल. दुसरीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा आणि मग पुठ्ठा काढा. उघडा भाग फिका पडलेला दिसेल. साबण आणि ऊन या दोन्ही परीक्षांत हळद नापास झाली. पर्किनचा रेशमाचा तुकडा याच दोन परीक्षांतून पार पडला होता. पट्टी वहीत चिकटवा आणि शेजारी तारीख लिहून ठेवा.