पाटल्या गेल्या कुठे?

समजा, शूटिंगच्या तोंडावर एका चित्रपटाची पटकथा बदलली. सीन ३१ मध्ये सुमन सोन्याच्या पाटल्या सराफाकडे गहाण टाकते. गोष्ट रेंगाळते म्हणून दिग्दर्शकाने तो प्रसंग अलीकडे, सीन २४ नंतर आणला. कपडेपटापासून वेळापत्रकापर्यंत सगळे जुन्याच आकड्यांवर चालतात, म्हणून बाकीचे क्रमांक हलवत नाहीत. नव्या प्रसंगाला २४-अ म्हणतात आणि ३१ पुढे ‘रद्द’ लिहितात. बदललेली पानं रंगीत कागदावर येतात, बदललेल्या ओळीसमोर समासात तारा असतो.

सगळे ताऱ्यांच्या ओळी वाचतात. चूक मात्र न बदललेल्या पानांवर असते. सीन २७ मध्ये सासू म्हणते, “पाटल्या काढून ठेव, पीठ लागेल.” पण त्या तर आता सराफाच्या तिजोरीत! ही चूक कॉम्प्युटरवर ‘पाटल्या’ शब्द शोधला की सापडते. सीन २९ मधल्या हळदीत तो शब्दच नाही. तिथे सुमन नटून येते, एवढंच लिहिलंय. पाटल्या आहेत त्या कपडेपटाच्या यादीत. म्हणून एक वाचन फक्त त्या वस्तूसाठी करायचं: ती पहिल्यांदा कुठे दिसते, कुणाच्या हातात जाते, कधी नाहीशी होते. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा उपाय नाही.

मग वेळ. सीन २४ रात्रीचा: नवरा पावसात भिजून घरी येतो. २५ मध्ये तो डोकं पुसतोय. मध्ये सराफाचं दुकान घातलं, तर बिचारा रात्रभर आणि दुसरा अर्धा दिवस डोकं पुसत बसतो. प्रत्येक सीनपुढे गोष्टीतला कितवा दिवस आणि कोणती वेळ ते लिहिलेलं असलं की हे लगेच दिसतं: ‘दिवस ४, रात्र’ अशा दोन सीनांमध्ये ‘दिवस ५, दुपार’ शिरलेली असते. उपाय म्हणजे प्रसंग सीन २६ च्या, दिवस ५ च्या सकाळीनंतर ठेवायचा आणि २६-अ करायचा.

हलवलेला प्रसंग आपले जुने कपडेही सोबत आणतो. मूळ ३१ मध्ये सुमन हळदीहून थेट सराफाकडे जायची, म्हणून तिचा पदर पिवळा. हळद आता पुढे आहे, पण ती ओळ तशीच राहिली. ती काढून तिला २६ मधलीच साडी द्यायला हवी, कारण तो त्याच दिवसाचा प्रसंग आहे.

आणि सीन २९ आधीच चित्रित झाला असेल, पाटल्यांसकट? मग कागदच वाकवावा लागतो. सीन २८ मध्ये जाऊबाई स्वतःच्या पाटल्या काढून देतात: “आजच्या दिवस घाल.” दोघींच्या पाटल्या एकाच घडणीच्या दाखवल्या की झालं. फक्त चित्रित झालेल्या हळदीत जाऊबाईंचे हात मोकळे आहेत का, ते आधी पाहून घ्यावं लागेल.