पंखा थेट पॅनेलवर

कांद्याच्या चकत्या सोलर ड्रायरमध्ये वाळवताना ऊन कमी पडत नाही, अडतं ते आतल्या दमट हवेमुळे. ती बाहेर काढायला एक छोटा पंखा पुरतो, आणि तो पॅनेलला सरळ जोडता येतो. ड्रायरला वारा हवा असतो तो ऊन असतानाच. ढग आला की पंखा मंदावतो, त्यामुळे थंड हवा कमी शिरते आणि आतली ऊब टिकते. बॅटरी लावली तर हा आपोआप जुळणारा मेळच मोडतो.

बहुतेकांचं चुकतं ते पंखा निवडताना. पॅनेलवर ‘१२ व्होल्ट’ म्हटलेलं असतं म्हणून संगणकातला १२ व्होल्टचा पंखा जोडतात. पण ते १२ व्होल्ट बॅटरीच्या हिशोबाचे. असं पॅनेल भर उन्हात १७-१८ व्होल्ट देतं आणि काहीच जोडलेलं नसेल तर २१-२२ पर्यंत जातं. छोटा पंखा वीज इतकी थोडी घेतो की व्होल्टेज वरच राहतं. पंखा सुसाट फिरतो, तापतो आणि लवकरच जळतो.

माझ्या मते सोपा उपाय म्हणजे २४ व्होल्टचा डीसी पंखा घेणं. १२० मिलिमीटरचा, ०.२ अँपिअरचा पंखा धरू. १० वॅटचं पॅनेल भर उन्हात सुमारे ०.५५ अँपिअर देऊ शकतं. पंख्याला १८-२० व्होल्ट मिळतात, तो पूर्ण वेगाहून थोडा कमी फिरतो आणि जळण्याची भीती राहत नाही. पॅनेल गरजेपेक्षा मोठं असल्यामुळे सकाळच्या कोवळ्या उन्हातही तो सुरू होतो. मात्र २४ व्होल्टचे सगळेच पंखे कमी व्होल्टेजवर सुरू होत नाहीत. दुकानात १२ व्होल्टवर लावून बघा आणि मगच घ्या.

जोडणीत लाल तार धनाला, काळी ऋणाला. पंखा ड्रायरच्या खालच्या, हवा आत घेणाऱ्या तोंडाशी बसवा. वर बसवला तर ५०-६० अंशांची दमट हवा त्याच्या बेअरिंगमधून जाते आणि आयुष्य घटतं.

पंखा चालू असताना मल्टिमीटर त्याच्या तारांना लावून पाहा. दुपारच्या स्वच्छ उन्हात आकडा दहाच्या खाली असेल, तर पॅनेल पंख्याला अपुरं पडतंय, त्यावर सावली आहे किंवा जोड सैल आहे. पंखा गचके देत थांबत असेल तेव्हाही आधी हेच तपासा. व्होल्टेज ठीक असूनही आतलं तापमान ४५ अंशांच्या वर जात नसेल, तर वारा जास्त होतोय. हवेचं तोंड अर्धं झाका.

सूर्य मावळला की पंखा थांबतो आणि अर्धवट वाळलेल्या चकत्या रात्रीच्या हवेतला ओलावा परत शोषतात. म्हणून संध्याकाळी दोन्ही तोंडं बंद करा. पावसाळ्यात सलग ढग असतील तेव्हा या ड्रायरमध्ये माल घालूच नका, त्याला बुरशी येते.