कोणते आयुक्त?

सकाळी ९ : वसईत घरीच बसून काम. एका संस्थेला फेरीवाल्यांसाठी चार पानी माहितीपत्रक हवंय. मूळ मजकूर दिल्लीचा, इंग्रजीत, सगळ्या राज्यांसाठी एकच. मी आधी योजनांची आणि पदांची नावं वेगळी काढते. कसोटी एकच : हा कागद घेऊन निघालेला माणूस योग्य खिडकीपाशी पोचला पाहिजे.

१० : योजनेचं नाव. २०२० साली सुरू झालेली ही कर्जयोजना पोर्टलवर PM SVANidhi अशी दिसते. अर्थ लावला तर ‘प्रधानमंत्री पथविक्रेता आत्मनिर्भर निधी’. सरकारी कागदात हे नाव शोभतं, पण बँकेत ते कुणी उच्चारत नाही. म्हणून पहिल्यांदा पूर्ण नाव, पुढे सगळीकडे ‘पीएम स्वनिधी’. अर्ज कसा भरायचा त्या परिच्छेदात मात्र रोमन अक्षरंच ठेवते, कारण मोबाइलवर तीच शोधावी लागतात.

१२ : पदं. इथे भाषा संचालनालयाचा पदनाम कोश हाताशी. ‘एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर’चा कार्यकारी अभियंता होतो, दारावरची पाटीही तशीच असते, प्रश्न मिटला. ‘नोडल ऑफिसर’ला नोडल अधिकारी ठेवते, शासन निर्णयांतही तसंच छापतात.

दुपारी २.३० : अडकले. तक्रारीसाठी मुळात ‘डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट किंवा डेप्युटी कमिशनर’ लिहिलंय. शब्दाला शब्द ठेवला तर ‘उपायुक्त’ होतो आणि बाई थेट महापालिकेत जाऊन बसेल. पण कर्नाटक, पंजाब, हिमाचलमध्ये जिल्ह्याच्या प्रमुखालाच डेप्युटी कमिशनर म्हणतात. मुळातल्या ‘किंवा’चं कारण ते. आपल्याकडे ते पद म्हणजे जिल्हाधिकारी. दोन्ही नावं खोडून ‘जिल्हाधिकारी, पालघर’ एवढंच लिहिते.

३.३० : याच पानावर पुढे नुसतं ‘कमिशनर’. वसई-विरारमध्ये २००९ पासून महापालिकेचे आयुक्त आहेत आणि २०२० पासून मीरा-भाईंदरसह पोलीस आयुक्तही. हातगाडी उचलली गेली तर नेमकं कोणाकडे जायचं? मजकूर परवान्याबद्दल आहे, म्हणून ‘महानगरपालिका आयुक्त’. उपायुक्तांनाही हाच नियम : ‘महानगरपालिका उपायुक्त’ किंवा ‘पोलीस उपायुक्त’, सुटा शब्द कुठेच नाही.

५ : संस्थेतून फोन. ‘‘ताई, ब्रँच मॅनेजरचं शाखा व्यवस्थापक केलंत, लोकांना कळेल का?’’ मी म्हटलं, ‘‘केबिनवर काय लिहिलंय ते बघा, तेच ठेवू.’’ पाटीवर दोन्ही होतं. मग मजकुरात ‘शाखा व्यवस्थापक (मॅनेजर)’ एकदा, पुढे फक्त मॅनेजर.

६ : पत्रकासोबत नावांचा तक्ता पाठवते : मूळ नाव, ठेवलेलं नाव, कारण. पुढचं पत्रक दुसऱ्या कुणी केलं, तरी याच जिल्हाधिकाऱ्यांचे तिथे उपायुक्त व्हायला नकोत.