चेष्टा आवडीची, की आवडणाऱ्याची?

संध्याकाळची दिवा-रोहा मेमू पेणहून सुटली की ठरलेल्या डब्यात ठरलेली मंडळी बसतात. कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. एवढ्या वेळात गप्पा रंगतात, मोबाइलवर गाणी लागतात आणि गाण्यांवरून एकमेकांची फिरकीही घेतली जाते. समजा, या डब्यात रोह्याचे दोन मित्र आहेत. एक पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो आणि दादा कोंडक्यांच्या सिनेमांवर जीव टाकतो. दुसरा पेणलाच बँकेत नोकरीला आहे आणि नाट्यसंगीताचा वेडा आहे.

पहिल्याने दादांचं गाणं लावलं. दुसरा म्हणाला, ‘‘बंद कर रे बाबा, गाडी लाजून कासूलाच बसेल!’’ पहिल्याने लगेच उलटवलं, ‘‘बसू दे. तुझी एक तान संपेपर्यंत तसंही रोहा येतंच.’’ दोघे हसले, डबा हसला.

आता तोच डबा, तेच गाणं, पण वाक्य वेगळं. ‘‘तुमच्या कारखान्यात हेच वाजणार म्हणा. तुला दुसरं काय कळणार?’’ याही वाक्यावर डब्यात कुणीतरी हसेल. ज्याला उद्देशून ते म्हटलं, तोही कदाचित ओठांनी हसेल. पण पुढच्या वेळी तो मोबाइल खिशातच ठेवेल. ही दोन वाक्यं एकमेकांपासून किती दूर आहेत आणि बोलणाऱ्याला ते अंतर अनेकदा का जाणवत नाही, याचा मानसशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे.

‘हे खोटं आहे बरं का’ ही खूण

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये चिडवण्यावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. विस्कॉन्सिन विद्यापीठात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे चार-चारचे गट केले. प्रत्येक गटात दोन जुने, वजनदार सदस्य आणि दोन नवखे. प्रत्येकाला दोन इंग्रजी आद्याक्षरं देऊन त्यावरून इतरांना टोपणनाव पाडायचं आणि ते का पाडलं याची गोष्ट रचायची, असा खेळ होता. सारं चित्रित केलं गेलं.

केल्टनर यांच्या मांडणीनुसार चिडवण्यात दोन गोष्टी एकत्र असतात. एक लहानसा टोचा आणि त्या टोच्यासोबत ‘हे खरं समजू नकोस’ अशी खूण. ही खूण शब्दांत क्वचितच असते. ती हेल काढण्यात, स्वर लांबवण्यात, डोळा मारण्यात आणि मुख्य म्हणजे उघड अतिशयोक्तीत असते. गाडी लाजून बसत नाही, हे डब्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून पहिल्या वाक्यातली खूण कुणालाही दिसते. ‘तुला दुसरं काय कळणार’ यात अतिशयोक्ती नाही. ते खरं विधान म्हणून ऐकता येतं आणि तसंच ऐकलं जातं.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. वजनदार सदस्यांच्या चिडवण्यात टोचा जास्त होता आणि खूण कमी. नवख्यांचं चिडवणं, विशेषतः वजनदारांना उद्देशून केलेलं, जपून होतं. ज्याला गमावण्यासारखं कमी असतं, तो खूण पेरण्याचे कष्ट कमी घेतो. डब्यातल्या दोघांत बँकेतली नोकरी असलेल्याचा शब्द जरा जड पडतो, हे दोघांनाही माहीत असतं. त्यामुळे खूण ठळक करण्याची जबाबदारी त्याच्यावर अधिक येते.

बोटांचा ताल आणि डोक्यातलं गाणं

पण बोलणारा म्हणेल, ‘‘अहो, मी गंमतच केली होती!’’ तो खोटं बोलत नसतो. अडचण वेगळीच आहे आणि ती समजायला गाण्याचाच एक प्रयोग उपयोगी पडतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितलं. समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात शब्द, चाल, पेटी, तबला सगळं चालू असतं. समोरच्याला ऐकू येते ती नुसती टकटक.

चेष्टेचंही तसंच होतं. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये चिडवणारा आणि चिडवला गेलेला, या दोघांनाही एकाच प्रसंगाबद्दल स्वतंत्रपणे विचारलं. चिडवणाऱ्याला आपलं बोलणं जितकं निरुपद्रवी वाटत होतं, तितकं ते समोरच्याला वाटलं नव्हतं. चिडवणाऱ्याला स्वतःचा हेतू आतून ऐकू येतो आणि तो बाहेरही पोचला असेल असं तो धरून चालतो.

लिहिलेल्या शब्दांत तर हेलही नसतो. क्रूगर यांच्याच २००५ च्या प्रयोगात उपरोधिक आणि सरळ अशी मिश्र वाक्यं ई-मेलने पाठवली गेली. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की ७८ टक्के वाक्यांचा सूर बरोबर ओळखला जाईल. ओळखला गेला ५६ टक्क्यांचा. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० टक्के बरोबर आले असते. डब्यात हसू आणणारं वाक्य रात्री व्हॉट्सॲपवर भांडण का लावतं, याचं उत्तर यात आहे.

आवड इतकी का झोंबते?

सिनेमा नावडता म्हटला तर एवढं लागायचं कारण काय? सिनेमाची आवड बहुतेकदा विचार करून निवडलेली नसते. ती वयाच्या एका टप्प्यावर, कुणाच्या तरी सोबतीत अंगवळणी पडते. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना अनेक दशकांतली गाणी ऐकवली. सर्वाधिक पसंती मिळाली ती ऐकणारा सरासरी तेवीस-चोवीस वर्षांचा असताना लोकप्रिय असलेल्या गाण्यांना. अभ्यास अमेरिकेतला आहे आणि नंतरच्या संशोधनात हे वय थोडं मागेपुढे सरकतं. पण तरुणपणीचं गाणं माणसाला चिकटतं, हे बहुतेक ठिकाणी दिसलं.

कारखान्यातल्या मित्राला दादांचा सिनेमा आठवतो तेव्हा त्यासोबत वडिलांबरोबर तंबूत पाहिलेला खेळ, जत्रेतली धूळ, पहिल्या पगाराची तिकिटंही आठवत असतील. त्या गाण्याला ‘चावट’ म्हटलं तर तो स्वतःच आधी मान्य करेल. दादांच्या द्व्यर्थी संवादांवर हसणं हाच तर त्या आवडीचा भाग आहे. पण ‘तुमच्या कारखान्यात हेच वाजणार’ या वाक्याचा रोख गाण्यावर राहत नाही. तो त्याच्या कामावर, वडिलांवर, शिक्षणावर जातो. यांपैकी काहीच तो बदलू शकत नाही, म्हणून उलट चेष्टाही करता येत नाही.

तुच्छता कशी ओळखायची

वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षं नवरा-बायकोंचे वाद चित्रित करून अभ्यासले. नातं मोडण्याचा सर्वांत ठळक इशारा त्यांना रागात दिसला नाही. तो तुच्छतेत दिसला. डोळे फिरवणं, नक्कल करून हिणवणं, वरच्या पायरीवरून बोलणं ही तिची रूपं. राग म्हणतो, ‘तू हे चुकीचं केलंस.’ तुच्छता म्हणते, ‘तू मुळातच खालचा.’ हा अभ्यास जोडप्यांचा आहे, मैत्रीला त्याचे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण पाहायची खूण तीच आहे. वाक्यात दोघे एकाच बाकावर बसलेले आहेत, की एक जण वरच्या बर्थवरून बोलतो आहे?

चेहऱ्यावरही ती दिसते. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९८६ मध्ये दाखवलं की ओठाचा एकच कोपरा किंचित ताणून वर जाणं हा तुच्छतेचा भाव म्हणून वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी ओळखला. मनमोकळ्या हसण्यात ओठांचे दोन्ही कोपरे वर जातात आणि डोळ्यांभोवती सुरकुत्या पडतात.

कोण मोठा नट?

नटांवरून होणारे वाद बहुतेकदा चिघळतात ते दोघांच्या कसोट्या वेगळ्या असल्यामुळे. शंभर वर्षांपूर्वी मराठी रसिकांत असे दोन पक्ष होते. बालगंधर्वांचे चाहते त्यांच्या स्त्रीभूमिकेतल्या लालित्यावर आणि मुलायम गाण्यावर लुब्ध होते. केशवराव भोसल्यांचे चाहते त्यांच्या चढ्या, तडफदार तानांवर. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग झाला. त्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर होते. दोन्ही पक्ष एका नाट्यगृहात बसले. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले आणि ती जोडी इतिहासात राहिली.

भामिनीच्या लालित्याची कसोटी धैर्यधराला लावली तर वाद कधीच संपणार नाही. अशोक सराफ श्रेष्ठ की लक्ष्मीकांत बेर्डे, या वादाचंही तेच. ‘‘श्रेष्ठ कोण?’’ याऐवजी ‘‘संवाद न बोलता नुसत्या नजरेने जास्त कोण हसवतो?’’ असा प्रश्न ठेवला, तर दोघांनाही ‘अशी ही बनवाबनवी’तला प्रसंग दाखवून पुरावा द्यावा लागतो. वाद तितकाच जोरात होतो, पण तो पडद्यावरच्या गोष्टीबद्दल राहतो. आणि दुसऱ्याच्या नटाचा एखादा प्रसंग मोकळेपणाने मान्य करणाऱ्याची पुढची कोपरखळीही गोड लागते.

वाक्य चुकलं तर

हसण्यावर फार विसंबू नये, कारण दुखावलेला माणूस चारचौघांत हसतोच. त्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. त्याने उलट चेष्टा केली का? नंतर त्याच विषयावर तो स्वतःहून बोलला का? त्याने ते गाणं सगळ्यांसमोर पुन्हा लावलं का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर टोचा पोचला आणि खूण वाटेत राहिली.

अशा वेळी ‘‘गंमत केली रे, एवढं काय मनावर घेतोस’’ हे वाक्य उपयोगाचं नसतं. त्यात बोलणाऱ्याचा हेतू पुन्हा सांगितला जातो आणि दुखावल्याचा दोष ऐकणाऱ्यावर जातो. त्याऐवजी डब्यात सगळ्यांसमोर बोललेलं वाक्य निवांतपणे, दोघेच असताना नाव घेऊन मागे घ्यावं: ‘‘कारखान्याचं बोललो ते चुकलं.’’ एवढं पुरतं. मग दुसऱ्या दिवशी, नागोठणे यायच्या आत, त्यालाच सांगावं, ‘‘लाव रे तुझं ते गाणं.’’